अकरा नंबरची पिन

डेड स्टॉक रजिस्टरात एका ओळीत सगळं आटोपलं होतं: मायक्रोप्रोसेसर ट्रेनर किट, ८०८५, नग एक, नादुरुस्त. शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने ‘निर्लेखन’ असं लिहिलेलं. सातारा जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनाच्या स्टोअरमध्ये ही पेटी जुन्या ऑसिलोस्कोपच्या खाली दबून होती. झाकण उघडलं तेव्हा धुळीचा थर एवढा होता की चिपांवरचे नंबर वाचता येत नव्हते.

यादी तपासायला निवृत्त सरांना बोलावलं होतं. कुठली वस्तू कशाची आहे हे सांगू शकणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. त्यांच्याबरोबर नोंदी घ्यायला तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी होती. तिला ८०८५ माहीत होता तो संगणकावरच्या सिम्युलेटरमधून, म्हणजे पडद्यावरच्या चौकोनांतून. ‘‘सर, हा खरा असा दिसतो?’’ असं तिने विचारलं आणि सरांनी पेटी भंगाराच्या ढिगातून बाजूला काढली.

ज्यांनी १९८० किंवा १९९०च्या दशकात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, त्यांना या पेटीची ओळख करून द्यायला नको. बाकीच्यांसाठी सांगायचं तर हा एक उघडा संगणक आहे. ना पडदा, ना माऊस. सोळा आकड्या-अक्षरांची बटणं, त्याशेजारी RESET, GO, NEXT अशी काही हुकमाची बटणं आणि वर लाल प्रकाशाचे सहा अंक. त्यातले चार अंक मेमरीतला पत्ता दाखवतात आणि दोन अंक त्या पत्त्यावर काय ठेवलं आहे ते दाखवतात. प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे वहीवर सूचना लिहायच्या, गांवकरांच्या पुस्तकातल्या तक्त्यातून प्रत्येक सूचनेचा कोड शोधायचा आणि तो बोटाने एकेक करून दाबायचा. रमेश गांवकरांचं ८०८५वरचं ते जाडजूड पुस्तक त्या काळच्या मुलांना इतकं पाठ असे, की ‘गांवकर उघड’ एवढं म्हटलं तरी पुरायचं.

पेटीच्या मध्यभागी चाळीस पिनांचा ८०८५ बसलेला असतो. इंटेलने तो १९७६ मध्ये आणला. त्याच्या आधीच्या ८०८० या चिपला पाच, उणे पाच आणि बारा असे तीन वेगवेगळे व्होल्टेज लागत. याला फक्त पाच व्होल्ट पुरतात. नावातला पाचचा आकडा त्यावरूनच आला. तो एका वेळी आठ बिटं हाताळतो, म्हणून आठ-बिटी. त्याच्या शेजारी असते एप्रॉम. ही चिप वीज गेली तरी मजकूर विसरत नाही, आणि तिच्यात ‘मॉनिटर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम कायमचा भरलेला असतो. बटण दाबलं हे ओळखणं, अंक उजळवणं, मुलांचा प्रोग्रॅम मेमरीत ठेवणं हे सगळं मॉनिटर करतो. एप्रॉम वाचता आली नाही तर पेटीतल्या बाकीच्या चिपा धडधाकट असूनही काही उपयोग नाही.

विद्यार्थिनीचा हात थेट वायरकडे गेला. सरांनी तो अडवला.

‘‘अगं थांब. आधी डोळ्यांनी बघ. वीज नंतर.’’

मऊ ब्रशने धूळ काढल्यावर दोन गोष्टी दिसल्या. पहिली, एप्रॉमच्या पाठीवरचा स्टिकर सुटून पडला होता आणि खालची काचेची गोल खिडकी उघडी पडली होती. ही खिडकी शोभेची नसते. एप्रॉममधला प्रत्येक बिट म्हणजे चहूबाजूंनी काचेसारख्या थरात कोंडलेला विद्युतभार. खिडकीतून अतिनील किरण पडले की तो भार निसटतो आणि चिप कोरी होते. नवा मजकूर भरण्याआधी ती मुद्दाम तशी पुसतात. पण ऊन आणि ट्यूबलाइटचा उजेडही हेच काम सावकाश करतात. चिपच्या माहितीपत्रकात उत्पादकांनीच लिहिलेलं असे, की सतत थेट ऊन लागलं तर साधारण आठवड्यात आणि खोलीतल्या ट्यूबलाइटखाली साधारण तीन वर्षांत मजकूर जाऊ शकतो. ही पेटी झाकण लावून अंधारात पडली होती, हे तिचं नशीब. स्टोअरच्या हलगर्जीपणाचा असा फायदा क्वचितच होतो.

दुसरी गोष्ट विद्यार्थिनीने पाहिली. एप्रॉम ज्या काळ्या सॉकेटमध्ये बसवली होती, त्याच्या एका भिंतीला केसाएवढी चीर होती. शेजारी बोर्डावर स्क्रू-ड्रायव्हरचा ओरखडा होता. कोणीतरी कधीतरी घाईत चिप उपसताना स्क्रू-ड्रायव्हर चिपखाली न घालता सॉकेटखाली घातला असणार. दोघांनी ती चीर नोंदवून ठेवली. पण दिसलेला दोष हाच खरा दोष, असं सरांनी मानलं नाही. जुन्या यंत्रात चिरा बऱ्याच असतात आणि त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात.

सगळ्यात आधी मॉनिटर वाचवायचा होता. चिप मेली तर दुसरी मिळते, आतला मजकूर मात्र कुठे मिळत नाही. सरांनी चपटा स्क्रू-ड्रायव्हर एका टोकाला चिप आणि सॉकेट यांच्यामध्ये घालून चिप जराशी उचलली, मग दुसऱ्या टोकाला तेवढीच, पुन्हा पहिल्या. एकाच बाजूने उपसली की दुसऱ्या बाजूच्या पिना वाकतात. चिपच्या पिना काळवंडल्या होत्या. त्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ केल्या आणि विद्यार्थिनीकडच्या यूएसबी प्रोग्रॅमरमध्ये चिप बसवली. ही २७६४ होती, म्हणजे ८१९२ बाइटची. तिने ती तीन वेळा वाचली आणि तिन्ही फाइली ताडून पाहिल्या. एका बाइटचाही फरक नव्हता. भार ओसरत चाललेली चिप दर वेळी थोडी वेगळी वाचली जाते. ही तशी नव्हती. पहिले दोन बाइट होते `3E 00`. ते तिने सहज वहीत उतरवले आणि पुढे तेच कामाला आले. खिडकीवर काळी चिकटपट्टी लावून चिप परत जागेवर गेली.

मग पाळी वीजपुरवठ्याची. त्याचा डबा वेगळा होता आणि तोही तितकाच जुना. तो थेट किटला जोडायचा नाही, यावर सर ठाम होते. आतला रेग्युलेटर बिघडून पाचाऐवजी आठ-नऊ व्होल्ट बाहेर आले, तर बोर्डावरच्या साध्या लॉजिक चिपा एका फटक्यात जातात. त्यांची कमाल मर्यादाच सात व्होल्टची असते. म्हणून आधी दहा ओहमचा जाडजूड रेझिस्टर भार म्हणून जोडला. पाच व्होल्टला त्यातून अर्धा अँपिअर जातो. मीटर अर्धा तास पाचच्या आसपास स्थिर राहिला, तेव्हा कुठे किटला वीज मिळाली.

सहा अंकांपैकी दोन उजळले, तेही अर्धवट. RESET दाबलं की वेगळाच आकार. पुन्हा दाबलं, सगळे कोरे.

विद्यार्थिनीचा चेहरा पडला. सर मात्र खूश दिसले. बिघाड दर वेळी वेगळा दिसतोय, याचा त्यांनी लावलेला अर्थ सरळ होता. मेलेली चिप दर वेळी सारखीच मेलेली असते. लहरीपणा असेल तर कुठेतरी जोड सैल आहे.

तरीही त्यांनी उडी मारली नाही. लॉजिक प्रोब नावाचं पेनासारखं साधन असतं. त्याचं टोक पिनेला टेकवलं की तिथे शून्य आहे, एक आहे की दोन्ही आलटून पालटून आहे, ते दिवा सांगतो. विद्यार्थिनीने ८०८५च्या पिना क्रमाने तपासल्या. चाळिसाव्या पिनेवर पाच व्होल्ट आहेत. सदतिसाव्या पिनेवर घड्याळ चालू आहे. तिसऱ्या पिनेवरचा रीसेटचा इशारा बटण सोडल्यावर खाली येतो, म्हणजे चिप रीसेटमध्ये अडकलेली नाही. तिसाव्या पिनेवर एएलई धडधडतोय. प्रोसेसर नवा पत्ता बाहेर ठेवतो तेव्हा या पिनेवर एक ठोका पडतो. बत्तिसाव्या पिनेवर वाचनाचा इशाराही येतोय. एप्रॉमची विसावी पिन, जिच्यावरून तिला ‘आता तू बोल’ असं सांगितलं जातं, तीही हलतेय. थोडक्यात प्रोसेसर जिवंत होता, पत्ते काढत होता, एप्रॉमला विचारत होता आणि उत्तर वाचत होता. उत्तरच चुकीचं पोचत होतं. कधीकधी काही क्षणांनी एएलईचे ठोके थांबायचे. भरकटलेल्या प्रोसेसरला वाटेत कुठेतरी `76` हा बाइट सापडला की तो ‘थांब’ ही सूचना समजून थांबतो, त्याचीच ही खूण.

‘‘आता अंगठा ठेव,’’ सर म्हणाले.

तिने एप्रॉमवर अंगठा दाबून RESET केलं. सहाही अंक नीट उजळले आणि किटचं स्वागताचं अक्षरचित्र दिसलं. अंगठा काढून पुन्हा RESET केलं, तर पुन्हा तोच गोंधळ.

इथे बहुतेक जण थांबतात. चिपवर कागदाची घडी ठेवून रबरबँड लावतात आणि ‘चालू झालं’ म्हणतात. विद्यार्थिनीनेही तेच सुचवलं. सरांना ते पसंत नव्हतं आणि त्यात हट्टाचा भाग कमी होता. बोर्ड तापला की प्लास्टिक आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. दहा मिनिटं चाललेला जोड अकराव्या मिनिटाला सुटतो. शिवाय अंगठ्याने एवढंच कळलं होतं की दोष दाबाने बदलतो. सॉकेटमध्ये, सॉकेटखालच्या डाखात की बोर्डाच्या तारेत, हे ठरायचं होतं.

वीज बंद करून मल्टिमीटर ‘बीप’वर घेतला. या किटमध्ये एप्रॉमच्या डेटाच्या आठ पिना थेट ८०८५च्या बारा ते एकोणीस या पिनांना जोडलेल्या होत्या. मीटरचं एक टोक एप्रॉमच्या पिनेच्या वरच्या भागावर आणि दुसरं प्रोसेसरच्या पिनेवर ठेवून ती एकेक जोडी पाहत गेली. अकरा नंबरची पिन आणि प्रोसेसरची बारावी यांच्यात आवाज आला नाही. मग बोर्ड उलटा करून तिने एक टोक सॉकेटच्या अकराव्या डाखावर ठेवलं, दुसरं तिथेच बाराव्या पिनेवर. लगेच बीप. म्हणजे डाख आणि तार ठणठणीत होती. चिपची पिन आणि सॉकेटच्या आतली पितळी पट्टी यांची गाठच पडत नव्हती. चीर बरोबर त्याच जागी होती. या साध्या सॉकेटमध्ये पट्टीला मागून प्लास्टिकच्या भिंतीचा टेकू असतो. भिंत फुटली की पट्टी मागे सरकते आणि पिनेवरची पकड सुटते.

अठ्ठावीस पिनांपैकी एक. एवढ्याने अख्खा संगणक बंद कसा पडतो, हे विद्यार्थिनीने वहीतल्या `3E 00` वरून काढून पाहिलं.

अकरावी पिन म्हणजे डी-झिरो, बाइटमधला सगळ्यात उजवा बिट. ती तुटली की त्या तारेवर प्रोसेसरला नक्की शून्य दिसेल की एक, याचा भरवसा नाही. तार अधांतरी असते. समजा एक दिसला. `3E` म्हणजे 0011 1110. शेवटचा बिट एक झाला की 0011 1111, म्हणजे `3F`. पहिल्याचा अर्थ ‘पुढचा बाइट अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये भर’. ही दोन बाइटांची सूचना आहे. दुसऱ्याचा अर्थ ‘कॅरी नावाचं निशाण उलटव’, आणि ती एकाच बाइटची आहे. त्यामुळे प्रोसेसर पुढचा बाइट आकडा म्हणून न घेता नवीन सूचना म्हणून वाचतो. तोही `00` चा `01` झालेला. `01` ही तर तीन बाइटांची सूचना, ती पुढचे दोन बाइट गिळते. एसटीतून एक थांबा आधी उतरलेल्या माणसाने पत्त्याप्रमाणे तिसरं घर शोधावं, तसं पुढचं सगळंच चुकत जातं. आणि तारेवर कधी एक, कधी शून्य दिसल्यामुळे RESET केल्यावर चूक दर वेळी नव्या वाटेने जाते. अंक दर वेळी वेगळे का दिसत होते, त्याचं कारण हे.

सॉकेट बदलायचं ठरलं आणि ते आणण्यातच एक फेरी वाया गेली. पुण्याच्या तपकीर गल्लीत विद्यार्थिनीने ‘अठ्ठावीस पिनांचं सॉकेट’ मागितलं आणि दुकानदाराने ते दिलं. पिना बरोबर अठ्ठावीस होत्या, पण दोन ओळींमधलं अंतर निम्मं. २७६४ला रुंद सॉकेट लागतं, ओळींमध्ये ०.६ इंच अंतर असलेलं, अरुंद ०.३ इंचाचं असतं. दुसऱ्या खेपेला तिने रुंद आणि खरादलेल्या गोल पिनांचं सॉकेट आणलं. त्यात प्रत्येक पिनेला आतून चारही बाजूंनी पकडणारी बारीक नळी असते, त्यामुळे पकड प्लास्टिकच्या भिंतीवर अवलंबून राहत नाही. किंमत साध्या सॉकेटपेक्षा जास्त, पण इथे दुसरा पर्याय घेण्यात अर्थ नव्हता.

जुनं सॉकेट काढणं हे या सगळ्यातलं सर्वांत नाजूक काम. अठ्ठावीस डाख एकाच वेळी वितळवता येत नाहीत, आणि थोडं वितळवून ओढाताण केली तर भोकाच्या आतला तांब्याचा मुलामा पिनेबरोबर उपटून येतो. दोन्ही बाजूंनी तारा असलेल्या बोर्डात तोच मुलामा वरची आणि खालची तार जोडत असतो. तो गेला की बोर्ड वाया. सरांनी सॉकेट वाचवायचा नादच सोडला. निपरने प्लास्टिक तुकड्यातुकड्याने कापून काढलं आणि बोर्डावर नुसत्या अठ्ठावीस पट्ट्या उभ्या राहिल्या. मग एकेक पट्टी तापवायची आणि सैल झाली की चिमट्याने उचलायची. जोर लावायचा नाही.

चौदावी पिन हटून बसली. ती जमिनीची, म्हणजे ग्राउंडची पिन. रुंद तांब्याला जोडलेली असल्यामुळे उष्णता पसरून जाते आणि डाख वितळायला वेळ लागतो. विद्यार्थिनी सोल्डरगनचं तापमान वाढवायला निघाली होती. सरांनी त्याऐवजी जुन्या डाखावर थोडं फ्लक्स आणि नवं सोल्डर घालायला सांगितलं. वर्षानुवर्षांचं मळलेलं सोल्डर नव्यात मिसळलं की लवकर वाहतं आणि उष्णता खालपर्यंत पोचते. तसंच झालं. रिकामी भोकं सक्शन पंपाने आणि तांब्याच्या वेणीने साफ केली, भिंग लावून प्रत्येक भोकातली कड तपासली आणि मगच नवं सॉकेट बसवलं. आधी कोपऱ्यातल्या दोनच पिना डाखल्या. ते सपाट बसल्याची खात्री झाल्यावर उरलेल्या सव्वीस.

चिप बसवण्याआधी सरांनी पुन्हा मीटर घ्यायला लावला. शेजारच्या दोन पिनांमध्ये सोल्डरचा पूल झाला नाही ना, आणि अकरावी ते बारावी आवाज येतो ना. आला.

या वेळी वीज दिल्यावर अंगठ्याची गरज पडली नाही. विद्यार्थिनीने किटच्या मॅन्युअलमधून मुलांसाठी मोकळी मेमरी कुठून सुरू होते ते पाहिलं आणि स्वतः कोड शोधून चार ओळी दाबल्या:

```
2000  3E 25     MVI A,25H
2002  C6 17     ADI 17H
2004  32 50 20  STA 2050H
2007  76        HLT
```

पंचवीस घे, सतरा मिळव, उत्तर २०५० या पत्त्यावर ठेव, थांब. हे आकडे सोळाच्या पटीतले, म्हणजे आपल्या हिशेबात ३७ अधिक २३. तिसऱ्या ओळीत `2050` हा पत्ता `50 20` असा उलटा भरावा लागतो, कारण ८०८५ पत्त्याचा धाकटा अर्धा आधी घेतो. सिम्युलेटर हे उलटंपालटं करणं स्वतःच करत असल्यामुळे तिने ते आजवर कधी हाताने केलं नव्हतं. पहिल्यांदा सरळच भरलं गेलं आणि उत्तर भलत्याच पत्त्यावर रवाना झालं. दुरुस्त करून GO, मग RESET, मग 2050. उजवीकडच्या दोन अंकांत `3C` उमटलं. दशमानात ६०.

मग दोघांनी किट दुपारभर चालू ठेवलं आणि अधूनमधून तोच प्रोग्रॅम चालवला, कारण सैल जोड उघडा पडतो तो बोर्ड तापल्यावर. उत्तर बदललं नाही. बटणांपैकी `7` मात्र जरा जोराने दाबावं लागतं; ते तसंच ठेवलं आहे.

निर्लेखनाच्या यादीतून ही नोंद काढायला सरांना अर्ज लिहावा लागला, आणि दुरुस्तीपेक्षा त्यालाच जास्त दिवस लागले. किट आता प्रयोगशाळेत आहे. मॉनिटरची फाइल विभागाच्या संगणकावर आणि विद्यार्थिनीच्या पेन ड्राइव्हवर आहे. अशी पेटी तुमच्या महाविद्यालयाच्या किंवा घराच्या कपाटात असेल, तर निदान आज तिचं झाकण उघडा, एप्रॉमच्या खिडकीवर काळी पट्टी चिकटवा आणि प्रोग्रॅमर असलेल्या कोणाकडून त्या ८१९२ बाइटांची प्रत काढून घ्या. बाकीचे सुटे भाग बाजारात अजून मिळतात.